फुटलं नव्हतं, आकसलं होतं

माझ्या डोकेदुखीशी माझी जुनी ओळख आहे. नववीत असल्यापासून अर्धशिशी. ती येताना वर्दी देऊन येते. आधी उजेड खुपायला लागतो, मग फोडणीचा वास नकोसा होतो, मग एका कानामागून ठणका वर चढत जातो. शाळेत इतिहास शिकवताना तो चढायला लागला की मी शांतपणे मुलांना धडा वाचायला लावते आणि पर्समधली गोळी घेते. त्यामुळे त्या शुक्रवारी न्हाणीघरात जे झालं ते अर्धशिशी नव्हती, हे मला तिथेच कळलं होतं.

धुळ्यात देवपूरला आमचं घर आहे. घरात मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणते, म्हणून मीही अक्काच म्हणते. मुलगी शिकायला बाहेरगावी. नवऱ्याचं ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं दुकान आहे, आणि घरीदारी त्याच्या बोलण्यात नळी, गळती, दाब हे शब्द असतातच. त्या वर्षी आमच्या समोरचा रस्ता खणून ठेवला होता. धुळीने माझं नाक महिनोन्महिने चोंदलेलं. मी नाकात थेंब टाकायचे, वर सर्दीची गोळी घ्यायचे, आणि ही दोन्ही औषधं आहेत असं मला कधी वाटलंच नाही. खडीसाखर तोंडात टाकावी तसं ते चाललेलं.

शुक्रवारी डोक्यावरून आंघोळ करत होते. कढत पाण्याचा पहिला तांब्या डोक्यावर ओतला आणि डोक्यात काहीतरी फुटलं. दुखायला लागलं असं मी म्हणणार नाही, कारण 'लागणं' असं काही नव्हतंच. एका क्षणी नव्हतं, पुढच्या क्षणी पूर्ण होतं. कवटीच्या आत कुणी सुतळी बॉम्ब लावावा तसं. मी तिथेच फरशीवर बसले आणि दोनदा ओकले.

"काय व्हयनं वं?" अक्का दाराबाहेरून.

"डोकं," एवढंच मला म्हणता आलं.

"पित्त व्हई."

आमच्या घरात सगळ्या आजारांची सुरुवात पित्तानेच होते. पडल्यावर गुडघा सुजला तरी अक्का आधी पित्ताचाच विचार करतात. तास-दीड तासात ते दुखणं आपोआप ओसरलं आणि मागे नुसता जडपणा राहिला. मी अर्धशिशीची गोळी घेतली, नाकात थेंब टाकले आणि दुपारी शाळेत जाऊन चौथाईचा धडा शिकवला. तेव्हाच दवाखाना गाठायला हवा होता, हे आता कुणालाही सांगते. तेव्हा मात्र मी स्वतःच अक्कांच्या पित्तावर विश्वास ठेवला.

रविवारी अक्का पिंपळनेरला लग्नाला गेल्या. नणंद जळगावहून परस्पर तिकडे जाणार होती. दुकान बंद. घरात आम्ही दोघंच. लग्नाला बावीस वर्षं झालेल्या नवरा-बायकोला भर दुपारी रिकामं घर मिळणं ही किती दुर्मीळ गोष्ट आहे ते ज्यांच्या घरात अक्का आहेत त्यांनाच कळेल. पुढचं मी सांगणार नाही. एवढंच सांगते की ऐन वेळी डोक्यात दुसरा बॉम्ब फुटला, तोही पहिल्यापेक्षा मोठा, आणि मी दोन्ही हातांनी डोकं धरून ओरडले.

नवऱ्याला काही क्षण तो स्वतःचा पराक्रम वाटला असावा. मग मी ओकले, तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने मला गाडीत घातलं आणि शर्ट उलटा घालून, एका पायात माझी चप्पल, अशा थाटात रुग्णालयात नेलं.

आपत्कालीन कक्षात एक तरुण डॉक्टर मुलगी होती. माझ्या मुलीहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने माझी मान हळूच पुढे वाकवून पाहिली, डोळ्यांत उजेड टाकला, हातपाय दाबायला लावले, आणि मग विचारलं, "काकू, दुखणं हळूहळू वाढलं की एकदम?"

"एकदम. लाइट लावल्यासारखं."

"एका मिनिटाच्या आत पूर्ण जोरात?"

"मिनिट कसलं, चुटकी वाजवेपर्यंत."

"तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"कपाट आवरत होते," मी म्हटलं.

"पेपर वाचत होती," नवरा त्याच क्षणी म्हणाला.

तिने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. नवऱ्याने घसा खाकरला. "म्हणजे कपाटातले जुने पेपर." एवढा हजरजबाबीपणा त्याने आयुष्यात पुन्हा कधी दाखवलेला नाही. तिने मान खाली घालून काहीतरी लिहिलं. ती हसली असेल तर मला दिसलं नाही.

मग ती गंभीर झाली. "काकू, अशी एकदम येणारी डोकेदुखी आली की आम्हाला आधी एकाच गोष्टीची भीती असते. मेंदूतल्या रक्तवाहिनीला कधी कधी फुगा आलेला असतो. तो फुटला की असंच होतं. ते नाही ना, हे पाहिल्याशिवाय मी तुम्हाला घरी सोडणार नाही."

त्यांनी डोक्याचं सीटी स्कॅन काढलं. रक्त नव्हतं. मी उठायला लागले. तिने मला परत आडवं केलं. "आजचं दुखणं ताजं आहे, त्याचं रक्त असतं तर स्कॅनमध्ये बहुधा दिसलं असतं. पण शुक्रवारी थोडं रक्त सांडलं असेल तर आज ते स्कॅनला दिसेलच असं नाही. म्हणून पाठीतून पाणी काढून बघावं लागेल."

पाठीचं पाणी काढताना मी कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपले होते. नवरा बाहेर होता, तरी आतपर्यंत त्याचा आवाज यायचा. तो कुणाला तरी फोनवर सांगत होता, "अजून गळती सापडली नाही." नळीत उतरलेलं पाणी नितळ होतं. रंग घालून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं चित्र काढलं, त्यातही फुगा नव्हता. तरीही मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की दोनदा झालंय, तेव्हा दोन-तीन दिवस इथेच राहा.

तसे ते दोन दिवस मजेत गेले. दुखणं गेलेलं. बाकी वॉर्डात लोक कण्हत होते आणि मी टुणटुणीत बसून वह्या तपासत होते. पर्समध्ये थेंबांची बाटली होतीच. तिच्याबद्दल कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. 'कुठली औषधं चालू आहेत' या प्रश्नाला मी 'अर्धशिशीची गोळी, तीही कधीमधी' असं प्रामाणिक उत्तर दिलं होतं. थेंब म्हणजे औषध थोडंच!

मंगळवारी नणंद आली. माझी नणंद म्हणजे एका माणसात भरलेला तमाशाचा अख्खा फड आहे. जळगावला राहते, शिवणकामाचे वर्ग चालवते. तिच्या वर्गात बायका शिवण शिकायला कमी आणि तिचं बोलणं ऐकायला जास्त येतात. ती अक्कांना घेऊन आली होती. अक्का नेहमीपेक्षा गप्प होत्या.

"वहिनी, तुला लग्नाचं सांगायचंय," नणंद स्टुलावर बसत म्हणाली.

"काही सांगू नको," अक्का म्हणाल्या.

एवढं पुरेसं होतं. मी उशी पाठीशी घेतली.

झालं होतं असं. पिंपळनेरला शेजारी-शेजारी दोन मंगल कार्यालयं. दोन्हीकडे लग्न. नणंदेची बस उशिरा पोचली. अक्का एकट्याच आधी पोचल्या आणि ज्या दारात सनई ऐकू आली त्या दाराने आत शिरल्या. तिथल्या मुलीकडच्यांना वाटलं, ही म्हातारी मुलाकडची. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीकडची. दोघांनीही एकमेकांना दाखवायला म्हणून तिला डोक्यावर घेतलं. पहिल्या रांगेत खुर्ची. सरबत. मानाची साडी. फोटोत मधोमध. अक्कांनी नवरा-नवरीला आशीर्वाद दिले, आहेराचं पाकीट दिलं, पंगतीत पहिल्या पानावर बसल्या आणि वाढप्याला विचारलं, "नवरी साखरपुडाले गोरी व्हती, आते सावळी कशी व्हयनी?"

"आणि तो वाढपी," नणंद म्हणाली, "गंभीर चेहऱ्याने म्हणतो, ऊन लागलं असेल, आजी."

मी ओठ दाबून धरले. अक्का खिडकीबाहेर पाहत होत्या. थोड्या वेळाने, कुणी काही विचारलेलं नसताना, त्या अत्यंत शांतपणे म्हणाल्या, "त्यासनं जेवण चांगलं व्हतं."

मी फुटले. इतकी हसले की खाट हलली. आणि त्या हसण्याच्या मध्यावर डोक्यात तिसऱ्यांदा तेच झालं.

नणंद आधी माझ्याबरोबर हसतच होती. तिला वाटलं मी डोकं धरून हसतेय. मग तिच्या लक्षात आलं आणि ती ओरडत बाहेर धावली. नर्सने रक्तदाब मोजला, तो भलताच चढलेला. पुन्हा स्कॅन. या वेळी मोठे डॉक्टर स्कॅन हातात घेऊन आले तेव्हा बसलेच नाहीत, उभ्यानेच बोलले.

"आता थोडं रक्त दिसतंय. मेंदूच्या वरच्या बाजूला, अगदी बारीक रेघ आहे. तुम्हाला जळगावला मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवतो. कदाचित ऑपरेशनची तयारी ठेवावी लागेल."

मी आयुष्यात पहिल्यांदा रुग्णवाहिकेत बसले, म्हणजे झोपले. धुळे-जळगाव रस्त्याचा प्रत्येक खड्डा मला पाठीने मोजता आला. नणंद पायाशी बसून रडत होती. "मी हसवून हसवून वहिनीचं डोकं फोडलं," हे एकच वाक्य. अक्का पुढे ड्रायव्हरशेजारी होत्या. त्यांचा आवाज येत नव्हता. अक्कांचा आवाज येत नाही म्हणजे परिस्थिती बरी नाही, हे मला उमगलं आणि मला खरी भीती तेव्हा वाटली. मुलीचा फोन आला तर काय बोलायचं याचा मी विचार करत राहिले. हात-पाय हलवून बघत होते. नववीच्या पोरांचा पेपर काढायचा राहिलाय, हेही मधूनच आठवत होतं. माणूस मरणाच्या विचारातसुद्धा फार वेळ सरळ राहत नाही.

जळगावच्या मेंदूविकार तज्ज्ञ बाई होत्या. पन्नाशीच्या, बुटक्या, केसांचा घट्ट अंबाडा, आवाज अगदी हळू. त्यांनी आधी दोन्ही स्कॅन दिव्यासमोर धरून बराच वेळ पाहिले. खोलीत मी, नवरा, नणंद, अक्का आणि जामनेरहून निघून थेट आलेला माझा मोठा भाऊ, एवढी माणसं होती. सगळे त्यांच्या पाठीकडे बघत होते.

"ऑपरेशनचं नंतर बोलू," त्या वळून म्हणाल्या. "आधी मला सगळं पहिल्यापासून सांगा."

मी सांगितलं. त्या बोटं दुमडत गेल्या.

"पहिल्यांदा, डोक्यावर कढत पाणी घेताना. तिसऱ्यांदा, हसताना. दुसऱ्यांदा काय करत होता?"

"कपाट आवरत होते."

"वाकून काही जड उचललंत?"

"नाही."

"खोकला? शौचाला जोर?"

"नाही."

त्यांनी चष्मा काढला. "बाई, नुसतं कपाट आवरताना असं सहसा होत नाही. मला खरं कळलं तर मी तुम्हाला लवकर बरं करीन."

भावाने छताकडे पाहिलं. नवऱ्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. बावीस वर्षं संसार केलेली, चाळीस-चाळीस मुलांसमोर राजांची लग्नं बिनदिक्कत सांगणारी बाई, आणि मला वाक्य सापडेना. तेव्हा कोपऱ्यातून अक्कांचा आवाज आला.

"डॉक्टरबाई, त्या दिन मी पिंपळनेरले जायेल व्हतू."

बस. एवढंच. डॉक्टरबाईंनी चष्मा परत लावला, आणि तिसरं बोट दुमडत म्हणाल्या, "समजलं. छान."

काय छान, हे आम्हाला पुढे कळलं. तोवर नणंदेने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला होता, आणि भाऊ चहा आणायला म्हणून निघून गेला तो तासाभराने आला.

"आता औषधं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अर्धशिशीची गोळी सोडून?"

"काही नाही."

"सर्दीसाठी? नाकात?"

"थेंब टाकते, पण ते काय..."

"पर्स द्या."

पर्समधून थेंबांच्या तीन बाटल्या निघाल्या, दोन रिकाम्या आणि एक अर्धी. सर्दीच्या गोळ्यांची पाकिटंही निघाली. त्यांनी ती एका ओळीत मांडली. शाळेत मी मुलांच्या दप्तरातून निघालेला चिवडा, पत्ते, बॉल असाच टेबलावर मांडते.

"हे थेंब टाकल्यावर नाक का मोकळं होतं माहीत आहे? नाकातल्या सुजलेल्या रक्तवाहिन्या ते आकसून टाकतात. गोळीही तेच करते. आणि तुमची ही अर्धशिशीची गोळीसुद्धा रक्तवाहिन्या आकसवणारी. तिन्ही मिळून तुम्ही कित्येक महिने शरीराला सांगताय, आकस, आकस, आकस. आता मेंदूतल्या वाहिन्यांनी ते मनावर घेतलंय असा माझा अंदाज आहे."

"म्हणजे फुटलेलं नाही?" नवऱ्याने विचारलं.

"तेच उद्या पक्कं करू. पण मला का वाटत नाही ते सांगते." त्यांनी स्कॅन पुन्हा दिव्यासमोर धरला. "फुगा फुटला तर रक्त कुठे सांडतं? फुगे बहुतेक मेंदूच्या तळाशी, मोठ्या वाहिन्यांच्या फाट्यावर येतात. रक्त तिथे, या तळाच्या पोकळ्यांत साचतं. इथं बघा, तळ स्वच्छ आहे. रक्ताची रेघ आहे ती इथे, वर, पृष्ठभागावरच्या एका घडीत. वाहिन्या आकसतात, सैल होतात, त्या ओढाताणीत वरची एखादी बारीक वाहिनी पाझरते. आणि दुसरं, फुगा फुटलेल्या माणसाचं डोकं असं तास-दोन तासांत मोकळं होत नाही. मान आखडते, कितीतरी जण बेशुद्ध पडतात, आणि पुन्हा फुटला तर बहुधा संपलंच. तुमचं दुखणं येतं, ओसरतं, तुम्ही मध्ये वह्या तपासता, आणि ते पुन्हा येतं. पाच दिवसांत तीनदा, तेही दर वेळी काहीतरी कारण होऊन. अशा दुखण्याला आम्ही विजेचा कडकडाट म्हणतो. एकच कडकडाट झाला तर फुटलंय असं धरूनच धावायचं, धुळ्याच्या डॉक्टरांनी अगदी बरोबर केलं. पण पुन्हा पुन्हा झाला, की या आजाराचा विचार करायचा."

"म्हणजे गळती नाही, नळी दबलीय," नवरा म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर उजेड आला.

"दबलीय हे काही हसण्यावारी नेण्यासारखं नाही," डॉक्टरबाईंनी त्याला थांबवलं. "नळी फार दबली तर पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. हात जातो, बोलणं जातं, नजर जाते. तेव्हा पुढचे काही आठवडे मी सांगेन तसं वागायचं."

दुसऱ्या दिवशी मांडीतून बारीक नळी वर नेऊन रंग सोडला आणि पडद्यावर माझ्या मेंदूच्या वाहिन्या उमटल्या. फुगा कुठेच नव्हता. पण वाहिन्या सरळ नव्हत्या. कुठे बारीक, कुठे सैल, पुन्हा बारीक, पुन्हा सैल. दोऱ्यात मणी ओवल्यासारख्या. धुळ्याच्या चित्रात हे दिसलं नव्हतं. डॉक्टरबाई म्हणाल्या की सुरुवातीच्या दिवसांत कित्येकदा दिसतच नाही, आकसणं मागाहून वाढत जातं.

"या आजाराच्या नावातच 'पूर्ववत होणारा' असा शब्द आहे," त्यांनी सांगितलं. "आकसलेलं सुटतं. काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत. आपण फक्त तोवर घात होऊ द्यायचा नाही."

ऑपरेशन टळलं. थेंब, सर्दीची गोळी, अर्धशिशीची गोळी, तिन्हींवर कायमची फुली पडली. वाहिन्या सैल करणारी एक गोळी दर चार तासांनी, रक्तदाब बघून. मग बंदीहुकूम आले. कढत पाणी नाही. जड उचलायचं नाही, वाकायचं नाही. पोट साफ राहील असं खायचं, जोर द्यायचा नाही. चिडायचं नाही. हसायचं नाही. शेवटी नवऱ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "आणि कपाटही आवरायचं नाही. मी सांगेपर्यंत."

पेढे वाटावेत तशी नणंदेने ही बातमी सगळ्या नातेवाइकांत वाटली. अर्थात कपाट वगळून. कपाटाचं फक्त निवडक लोकांना सांगितलं, म्हणजे सगळ्यांनाच.

दवाखान्यातून सुटल्यावर डॉक्टरबाईंच्या जवळ राहावं म्हणून मी आणि अक्का नणंदेकडेच राहिलो. हसायला बंदी असलेल्या बाईला या नणंदेच्या घरी ठेवणं म्हणजे उपासाच्या दिवशी भजीच्या दुकानात बसवणं. अक्कांनी पहिल्याच दिवशी लेकीला बजावलं, "तू हिन्हासंगे बोलू नको." मग नणंद गंभीर राहू लागली. ती गंभीर राहिली की आणखीच विनोदी दिसते. ताट आणून ठेवताना ती पोलीस फौजदारासारखं म्हणायची, "रुग्णास भाकरी देण्यात येत आहे." मी भिंतीकडे तोंड करून मनात पाढे म्हणायचे. एकोणीसचा पाढा हसू मारायला उत्तम आहे, पण पुढे तो मला इतका पाठ झाला की त्याचा उपयोग होईना.

थेंब बंद केल्यावर माझं नाक असं चोंदलं की विचारू नका. आठवडाभर मी तोंडाने श्वास घेत होते. एकदा अगदी रडकुंडीला येऊन मी नणंदेला म्हटलं, अगं, एकच थेंब आण कुठून तरी. तिने सरळ अक्कांना हाक मारली. अक्का आल्या. काय चाललंय ते त्यांना कळलं. त्यांनी घरातलं औषधांचं खोकं उपडं केलं, जावयाच्या नाकाच्या बाटल्यासुद्धा उचलल्या आणि म्हणाल्या, "बठ्ठा फेकी दे." जावई दिवसभर चोंदल्या नाकाने शिंकत बसले, पण सासूपुढे बोलणार कोण?

या काळात दुखणं आणखी दोनदा आलं. एकदा मिरचीच्या फोडणीचा ठसका लागून. एकदा मुलगी अचानक दारात उभी राहिली, तिला पाहून मला रडू फुटलं तेव्हा. दोन्ही वेळा सरळ दवाखाना, दोन्ही वेळा हातपाय, बोलणं, नजर, सगळं तपासलं, शाबूत होतं. पण दर वेळी कडकडाटाचा जोर आधीपेक्षा कमी. पाचव्या वेळी तर ते सुतळी बॉम्बपेक्षा लवंगी माळ वाटलं. मुलगी माझ्याजवळ बसून होती. "आई, तू मरणार होतीस का?" तिने विचारलं. "नाही गं, आकसले होते," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी पुढचा बराच वेळ एकमेकींकडे बघायचं टाळलं, कारण दोघींनाही हसायचं होतं, किंवा रडायचं होतं, आणि दोन्हीला बंदी होती.

मग ते आलंच नाही. एक आठवडा गेला, दोन गेले. गोळ्या हळूहळू कमी झाल्या. मी धुळ्याला परतले. कोमट पाण्याने आंघोळ, दुपारची झोप, शाळेला रजा. बंदीचा मी थोडा फायदाही घेतला हे सांगायला हरकत नाही. चिडायचं नाही म्हणून शाळेच्या स्नेहसंमेलन समितीतून नाव काढून घेतलं. वाकायचं नाही म्हणून दिवाळीची साफसफाई नवऱ्याने केली. दूरच्या एका मावससासूबाई, ज्या आल्या की माझ्या स्वयंपाकाचं परीक्षण करतात, त्यांना अक्कांनीच दारात सांगितलं की सुनेला त्रास व्हायला डॉक्टरांची मनाई आहे. मी आतून ऐकत होते. असं आजारपण वर्षातून एकदा मिळालं तर बरं, असा विचार मनात आला आणि मी लगेच तो मागे घेतला.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्तवाहिन्यांचं चित्र काढलं. मणी गेले होते. नद्या उतरल्यावर पात्र दिसावं तशा वाहिन्या स्वच्छ, एकसारख्या. डॉक्टरबाईंनी जुनं आणि नवं चित्र शेजारी ठेवून दाखवलं. "आता साधं आयुष्य जगा," त्या म्हणाल्या. "फक्त कुठलंही सर्दीचं औषध घ्यायच्या आधी मला विचारा. नाकात मिठाचं पाणी, बाकी काही नाही. अर्धशिशीला दुसरी गोळी लिहून देते. आणि पुन्हा तसा कडकडाट झालाच, तर हेच असेल असं समजून घरी बसू नका. आधी स्कॅन. दर वेळी."

"आणि बाकीचं?" नवऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत विचारलं.

"बाकीचंही," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

शाळेत रुजू झाले तेव्हा थंडी सुरू झाली होती आणि माझं नाक गच्च. मिठाच्या पाण्याने जेमतेम एक नाकपुडी उघडायची. आठवीच्या वर्गात मी फळ्यावर तारीख लिहिली, खडू ठेवला, आणि आवाजात शक्य तितकं गांभीर्य आणून म्हणाले, "आज आपण बघणार आहोत पादिपत."

मी चूक सुधारायला म्हणून पुन्हा म्हटलं. नाकाने पुन्हा दगा दिला. "पादिपतची लढाई."

शेवटच्या बाकावरून एक फुर्र आवाज आला, मग दुसरा, आणि मग सगळा वर्ग बाकांवर कोसळला. पहिल्या बाकावरची ती अत्यंत शहाणी मुलगीसुद्धा वहीत तोंड खुपसून हलत होती. मी छडीसारखी पट्टी उगारली. तोंडावर राग आणायचा प्रयत्न केला. जमला नाही. मी टेबलाला धरून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पोट दुखेपर्यंत. डोकं तिथेच होतं, शांत. मग मी डोळे पुसले, फळ्यावर मोठ्या अक्षरांत ते नाव लिहिलं, आणि सांगितलं की आजचा तास संपेपर्यंत ते कुणीही तोंडाने उच्चारायचं नाही, बोटाने दाखवायचं.